डायगोनलायझेशनचं १० गुणांचं उत्तर: कोणत्या ओळीला किती गुण

प्रश्न: मॅडम, मी परभणीला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डायगोनलायझेशनचा १० मार्कांचा प्रश्न मी दर वेळी सोडवतो. P आणि D दोन्ही बरोबर येतात, तरी ५-६ च मार्क पडायलेत. कापायलेत कुठं तेच कळंना. एखादं गणित पूर्ण लिहून दाखवा आणि कोणत्या ओळीला किती मार्क ते पण सांगा. आयगेन व्हॅल्यू रिपीट झाली की तर माझं डोकंच चालत नाही.

उत्तर:

तुझ्यासारख्या उत्तरपत्रिका मी बऱ्याच तपासल्या आहेत आणि त्यांत गुण बहुतेक एकाच जागी जातात. प्रश्नात दोन कामं सांगितलेली असतात: मॅट्रिक्स डायगोनलायझेबल आहे हे सिद्ध कर, आणि मग P काढ. मुलं दुसरं काम नीट करतात. पहिल्याचं कारण कागदावर कुठंच नसतं. ते मुलाच्या डोक्यात असेलही, पण तपासणारा कागदावरचंच वाचतो. तू म्हणतोस तशी आयगेन व्हॅल्यू रिपीट झाली की हे कारण म्हणजेच अर्धं गणित होतं. म्हणून मुद्दाम तसलंच गणित घेते.

```
      |  3   2   2 |
A  =  | -1   0  -2 |
      |  2   4   6 |
```

प्रश्न असा समज: A डायगोनलायझेबल आहे हे दाखवा. ज्यासाठी P⁻¹AP डायगोनल मॅट्रिक्स होईल असा P काढा आणि पडताळा घ्या. (१० गुण)

खालची गुणविभागणी मी तपासताना जशी करते तशी आहे. दुसरा परीक्षक एखाद्या ओळीला अर्धा गुण इकडचा तिकडे करेल, पण गुण कोणत्या जागी ठेवायचे यावर आमच्यात फारसा वाद होत नाही. पेपर इंग्रजीत लिहीत असशील तर हीच वाक्यं इंग्रजीत लिही. वाक्यं मात्र गाळू नकोस, कारण पुढं दिसेल तसा एक पूर्ण गुण निव्वळ वाक्यांचा आहे.

पहिली ओळ: मांडणी (१ गुण)

λ ही A ची आयगेन व्हॅल्यू असेल तर |A − λI| = 0, म्हणजे

```
| 3-λ    2     2  |
| -1    -λ    -2  |  =  0
|  2     4    6-λ |
```

हा गुण फुकटचा वाटतो, पण इथंही तो जाताना मी पाहिला आहे. मधला घटक 0 आहे, त्यामुळे तिथं काही वजा करायचं असतं हेच मुलं विसरतात आणि 0 तसाच ठेवतात. या गणितात त्याचा परिणाम मोठा फसवा आहे. 0 तसाच ठेवून विस्तार केलास तर 20 − 10λ = 0 मिळतं, म्हणजे λ = 2, आणि 2 ही खरोखरच A ची आयगेन व्हॅल्यू आहे! पोरगं खूश होऊन पुढं निघतं. खूण एकच: मॅट्रिक्स 3×3 असेल तर λ³ आलाच पाहिजे. तो आला नसेल तर डायगोनलवर कुठंतरी λ राहिला आहे.

दुसरी ओळ: कॅरॅक्टरिस्टिक समीकरण (१ गुण)

डिटरमिनंट थेट फोडलास तरी चालतं, पण कंसांच्या गर्दीत चिन्हं हमखास चुकतात. त्यापेक्षा 3×3 साठी हे सूत्र वापर:

λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = 0

S₁ म्हणजे डायगोनलवरच्या घटकांची बेरीज: 3 + 0 + 6 = 9.

S₂ म्हणजे डायगोनलवरच्या तिन्ही घटकांच्या मायनरांची बेरीज. हे तीन मायनर वेगवेगळे लिही, एका दमात बेरीज लिहू नकोस:

```
(3)(0) - (2)(-1)  =  2
(3)(6) - (2)(2)   = 14
(0)(6) - (-2)(4)  =  8
S₂ = 2 + 14 + 8   = 24
```

आणि |A| = 3(8) − 2(−6 + 4) + 2(−4 − 0) = 24 + 4 − 8 = 20.

म्हणून λ³ − 9λ² + 24λ − 20 = 0.

तिन्ही मायनर सुटे लिहायला सांगते ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तिसऱ्यात (−2)(4) च्या आधी आणखी एक वजा आहे. घाईत तिथं 8 ऐवजी −8 होतं. मग S₂ = 8 येतो, तोच मायनर |A| मध्येही वापरलेला असतो म्हणून |A| = −28 येतो आणि समीकरण λ³ − 9λ² + 8λ + 28 = 0 असं होतं. आता 28 चे सगळे भाजक अधिक-उणे करून टाकून बघ, एकही बसणार नाही. परीक्षेच्या गणितात मुळं साधारणपणे पूर्णांक असतात. त्यामुळे एकही भाजक बसत नसेल तर पुढं रेटू नकोस, मागं ये. मायनर सुटे लिहिलेले असतील तर चूक लगेच सापडते आणि मलाही दिसतं की रीत बरोबर होती, चुकलं ते एक चिन्ह. तेव्हा अर्धा गुण तरी देता येतो. नुसतं 'S₂ = 8' लिहिलेलं असेल तर माझ्या हाती द्यायला काहीच नसतं.

तिसरी ओळ: मुळं (१ गुण)

λ = 2 ठेवल्यास 8 − 36 + 48 − 20 = 0. म्हणून (λ − 2) हा अवयव आहे.

(λ − 2)(λ² − 7λ + 10) = 0

(λ − 2)(λ − 2)(λ − 5) = 0

म्हणून λ = 2, 2, 5. इथं एक वाक्य जोडायचं: 'λ = 2 ची अल्जेब्रिक मल्टिप्लिसिटी 2 आहे आणि λ = 5 ची 1 आहे.'

पेन उचलण्याआधी समासात पडताळून बघ. मुळांची बेरीज 2 + 2 + 5 = 9, ती S₁ शी जुळली. गुणाकार 2 × 2 × 5 = 20, तो |A| शी जुळला. याला वेगळा गुण नाही, पण पुढचे सात गुण या तीन आकड्यांवर उभे आहेत.

कॅलक्युलेटरवर मुळं काढून थेट '2, 2, 5' लिहिणारेही असतात. मी त्यांना अर्धाच गुण देते. मुळं आली कुठून हे दाखवणारी अवयवांची निदान एक ओळ हवी.

चौथी ओळ: λ = 5 चा आयगेन व्हेक्टर (१ गुण)

(A − 5I)X = 0 म्हणजे

```
| -2   2   2 | |x|   |0|
| -1  -5  -2 | |y| = |0|
|  2   4   1 | |z|   |0|
```

पहिल्या रोला 2 ने भागून (−1, 1, 1). दुसऱ्यातून हा रो वजा केला की (0, −6, −3). तिसऱ्यात याची दुप्पट मिळवली की (0, 6, 3). शेवटचे दोन रो एकच गोष्ट सांगतात, म्हणून समीकरणं दोनच उरली:

−x + y + z = 0 आणि 2y + z = 0

y = −1 घेतल्यास z = 2, x = 1. म्हणून X₃ = (1, −1, 2)ᵀ.

एक मुळीच न करण्यासारखी गोष्ट सांगते. λ चुकलेला असेल तर ही समीकरणं सोडवून x = y = z = 0 एवढंच उत्तर येतं. तेव्हा मुलं X = (0, 0, 0)ᵀ असा आयगेन व्हेक्टर लिहून मोकळी होतात. आयगेन व्हेक्टर शून्य असूच शकत नाही, ते व्याख्येतच आहे. शून्य आला याचा अर्थ तुझी λ चुकली किंवा रो ऑपरेशनमध्ये गडबड झाली. चुकीच्या λ वर पुढची रीत बरोबर असेल तर मी रीतीचे गुण देते, पण शून्य आयगेन व्हेक्टर लिहिलेला दिसला की तिथून पुढं हात आखडतो.

पाचवी ओळ: λ = 2 चे आयगेन व्हेक्टर (२ गुण)

तुझं डोकं अडतं ते इथंच. घाई करू नकोस.

```
           |  1   2   2 |
A - 2I  =  | -1  -2  -2 |
           |  2   4   4 |
```

दुसरा रो पहिल्याच्या −1 पट आहे आणि तिसरा पहिल्याच्या 2 पट. R₂ + R₁ आणि R₃ − 2R₁ केलं की खालचे दोन्ही रो शून्य होतात. उरलं एकच समीकरण:

x + 2y + 2z = 0

इथपर्यंत १ गुण, पण त्यासाठी पुढचं वाक्य लिहावं लागतं: 'A − 2I ची रँक 1 आहे, म्हणून सोल्यूशन स्पेसचं डायमेन्शन 3 − 1 = 2.' हे डायमेन्शन म्हणजेच λ = 2 ची जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी.

आता दुसरा गुण. अनोळखी तीन आणि समीकरण एक, म्हणजे दोन चल आपल्या मर्जीचे. y = s, z = t घेऊ. मग x = −2s − 2t.

X = s(−2, 1, 0)ᵀ + t(−2, 0, 1)ᵀ

म्हणून X₁ = (−2, 1, 0)ᵀ आणि X₂ = (−2, 0, 1)ᵀ.

बरीच मुलं इथं s आणि t न लिहिता थेट आकडे टाकतात. आधी y = 1, z = 0 घेतात, त्यात गैर काही नाही. मग दुसरा व्हेक्टर हवा म्हणून y = 2, z = 0 घेतात आणि (−4, 2, 0)ᵀ लिहितात. हा पहिल्याचीच दुप्पट आहे, नवा व्हेक्टर नाही. तो P मध्ये घातला की |P| = 0 होतो आणि P⁻¹ निघतच नाही. s आणि t चं एक वाक्य लिहिलं की ही चूक होतच नाही, कारण दोन व्हेक्टर आपोआप सुटे होऊन समोर येतात. शिवाय ते लिनिअरली इंडिपेंडंट आहेत हेही त्याच ओळीत दिसतं: दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी एकात 1, 0 आहे आणि दुसऱ्यात 0, 1. म्हणून कोणताच दुसऱ्याची पट असू शकत नाही.

तुझे X₁, X₂ माझ्यापेक्षा वेगळे आले तर घाबरू नकोस. x + 2y + 2z = 0 मध्ये बसणारे कोणतेही दोन इंडिपेंडंट व्हेक्टर चालतात. (0, 1, −1)ᵀ आणि (2, 0, −1)ᵀ घेतलेस तरी तुला पूर्ण गुण आहेत. उत्तरसूचीत छापलेला P हा एकमेव P नव्हे, हे तपासणाऱ्याला माहीत असतं.

सहावी ओळ: निष्कर्ष (१ गुण)

तुझ्या कागदावर बहुधा हीच ओळ नसते. ती अशी लिही:

'λ = 2 ची जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी 2 आहे आणि ती तिच्या अल्जेब्रिक मल्टिप्लिसिटीएवढीच आहे. λ = 5 साठी दोन्ही 1 आहेत. वेगवेगळ्या आयगेन व्हॅल्यूंचे आयगेन व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट असतात, म्हणून X₁, X₂, X₃ हे तीन आयगेन व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट आहेत. 3×3 मॅट्रिक्सला तीन लिनिअरली इंडिपेंडंट आयगेन व्हेक्टर मिळाले, म्हणून A डायगोनलायझेबल आहे.'

चार वाक्यं, एक गुण. गुण एकच असला तरी 'दाखवा' या कामाचं उत्तर तेवढंच आहे. ते नसेल तर काही परीक्षक पाचव्या ओळीतल्या रँकच्या वाक्याचाही गुण अडवतात, कारण रँक कशासाठी काढली हे तू सांगितलेलंच नसतं.

या जागी दोन चुकीची वाक्यं मी कायम वाचते. एक: 'आयगेन व्हॅल्यू रिपीट झाल्या, म्हणून A डायगोनलायझेबल नाही.' हे साफ चूक. आयडेंटिटी मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू 1 असतात आणि ती तर मुळातच डायगोनल आहे. आयगेन व्हॅल्यू वेगवेगळ्या असल्या तर मॅट्रिक्स डायगोनलायझेबल असते, इतकंच प्रमेय म्हणतं. त्या वेगळ्या नसल्या तर काय, यावर ते काहीच बोलत नाही. दुसरं वाक्य: 'A सिमेट्रिक आहे, म्हणून डायगोनलायझेबल आहे.' रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठी हे खरं आहे, पण आपली A सिमेट्रिक नाही. पहिल्या रोत दुसऱ्या जागी 2 आहे आणि दुसऱ्या रोत पहिल्या जागी −1. वर्गात सिमेट्रिकची उदाहरणं जास्त होतात म्हणून मुलं हे वाक्य पाठच करून येतात.

सातवी ओळ: P आणि D (१ गुण)

```
      | -2  -2   1 |         | 2  0  0 |
P  =  |  1   0  -1 |    D =  | 0  2  0 |
      |  0   1   2 |         | 0  0  5 |
```

आयगेन व्हेक्टर P मध्ये उभे, म्हणजे कॉलम म्हणून बसतात. आडवे लिहिलेस तर गणित बसणार नाही. ज्या क्रमानं व्हेक्टर बसवलेस त्याच क्रमानं D मध्ये आयगेन व्हॅल्यू येतात. X₃ आधी लिहिलास तर D मध्ये 5 आधी यायला हवा. क्रम जुळला नाही तर अर्धा गुण तर जातोच, पुढचा पडताळाही फसतो.

आठवी ओळ: |P| आणि P⁻¹ (१ गुण)

|P| = −2(0 + 1) + 2(2 − 0) + 1(1 − 0) = −2 + 4 + 1 = 3 ≠ 0, म्हणून P⁻¹ अस्तित्वात आहे.

```
              |  1   5   2 |
P⁻¹  =  (1/3) | -2  -4  -1 |
              |  1   2   2 |
```

इन्व्हर्स बारावीतल्याच ॲडजॉइंटच्या रीतीनं काढायचा. लातूर पॅटर्नच्या शिस्तीत घोटलेली मुलं हा भाग डोळे झाकून करतात, त्यामुळे इथं मी रेंगाळत नाही. कोफॅक्टर मांडल्यावर ट्रान्सपोज घ्यायला विसरू नकोस, एवढंच.

नववी ओळ: पडताळा (१ गुण)

इथं सरळ P⁻¹AP चा तिहेरी गुणाकार करत बसण्याची गरज नाही. आधी AP काढ:

```
       | -4  -4   5 |
AP  =  |  2   0  -5 |
       |  0   2  10 |
```

कॉलमकडं नीट बघ. पहिला X₁ च्या 2 पट, दुसरा X₂ च्या 2 पट, तिसरा X₃ च्या 5 पट. म्हणजे हा PD च आहे. AP = PD आणि P इन्व्हर्टिबल आहे, म्हणून P⁻¹AP = D. या युक्तिवादात काहीही कमी नाही आणि गुणाकार दोनाऐवजी एकच झाला. मी याला पूर्ण गुण देते. पण प्रश्नात P⁻¹ काढा असं स्पष्ट म्हटलं असेल तर तो काढूनच दाखव.

मुलं कधी कधी D = PAP⁻¹ असं उलटं लिहितात. कुठल्या बाजूला काय, अशी शंका आली तर AP = PD ही ओळ आठव आणि दोन्ही बाजूंना डावीकडून P⁻¹ लाव. उत्तर आपोआप योग्य जागी येईल.

झाले १० गुण. आता तुझ्या मागच्या उत्तरपत्रिकांना हे लावून बघ. रँकचं वाक्य नसेल तर १ गेला, निष्कर्ष नसेल तर आणखी १. |P| न काढता P⁻¹ 'असतो' असं धरून पडताळ्याला फक्त 'P⁻¹AP = D' एवढी ओळ लिहिली असेल तर तिथले २ गेले. P आणि D दोन्ही बरोबर असूनही उरले ६.

रिपीट झालेल्या आयगेन व्हॅल्यूला मी इतकी का चिकटले ते आता दाखवते. ही मॅट्रिक्स बघ:

```
      |  7  10   4 |
B  =  | -3  -4  -3 |
      |  2   4   6 |
```

S₁ = 7 − 4 + 6 = 9. मायनर 2, 34 आणि −12, म्हणून S₂ = 24. |B| = 7(−12) − 10(−12) + 4(−4) = 20. समीकरण पुन्हा λ³ − 9λ² + 24λ − 20 = 0, मुळं पुन्हा 2, 2, 5. तिसऱ्या ओळीपर्यंत A आणि B ची उत्तरं शब्दशः सारखी आहेत. पहिले ३ गुण दोन्हींत त्याच वाक्यांना.

पुढं मात्र वाट फुटते.

```
           |  5  10   4 |
B - 2I  =  | -3  -6  -3 |
           |  2   4   4 |
```

दुसऱ्या रोला −3 ने भागलं की x + 2y + z = 0. याला 5 ने गुणून त्यातून पहिलं समीकरण 5x + 10y + 4z = 0 वजा केलं की z = 0. मग x = −2y. तिसऱ्या रोत ठेवून बघ, तोही बसतो. चल एकच मोकळा उरला, म्हणून व्हेक्टर एकच: (−2, 1, 0)ᵀ आणि त्याच्या पटी. रँक 2, जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी 3 − 2 = 1, पण अल्जेब्रिक मल्टिप्लिसिटी 2. म्हणून B डायगोनलायझेबल नाही.

म्हणजे आयगेन व्हॅल्यू बघून हे ठरत नाही, A − 2I ची रँक बघूनच ठरतं. म्हणूनच त्या पाचव्या ओळीला २ गुण ठेवलेले असतात आणि म्हणूनच रँक न लिहिता थेट दोन व्हेक्टर लिहिणाऱ्याबद्दल तपासणाऱ्याला शंका राहते, की याला B दिली असती तर यानं काय केलं असतं?

B सारखं गणित परीक्षेत आलं तर मुलं घाबरून दुसरा व्हेक्टर कुठून तरी पैदा करतात. (−4, 2, 0)ᵀ लिहितात, नाहीतर दुसऱ्या समीकरणाकडं काणाडोळा करून कसला तरी तिसराच. तसं करू नकोस. एकच व्हेक्टर मिळाला तर एकच लिही, 'B ला तीन लिनिअरली इंडिपेंडंट आयगेन व्हेक्टर मिळत नाहीत' हे कारणासह लिही आणि थांब. अशा प्रश्नाला P, P⁻¹ आणि पडताळ्याचे गुण नसतात. मी तपासताना ते ३ गुण λ = 2 च्या रँकवर आणि निष्कर्षावर वाटून टाकते. खोटा व्हेक्टर बनवून P लिहिणाऱ्याचे हेच गुण जातात, शिवाय |P| = 0 आलेला असूनही त्यानं 1/|P| लिहिलेलं मला दिसतं.

वेळ उरला तर खात्री करायला एक चटकन होणारी तपासणी आहे. (A − 2I)(A − 5I) हा गुणाकार कर. A − 2I च्या पहिल्या रोनं, म्हणजे (1, 2, 2) नं, A − 5I चे तिन्ही कॉलम गुणले की −2 − 2 + 4 = 0, 2 − 10 + 8 = 0 आणि 2 − 4 + 2 = 0. बाकीचे दोन रो याच रोच्या पटी आहेत, म्हणून सगळा गुणाकार शून्य. याचा अर्थ A चं मिनिमल पॉलिनॉमिअल (λ − 2)(λ − 5) आहे, त्यात एकही अवयव दोनदा नाही, म्हणून A डायगोनलायझेबल आहे. B साठी हेच कर: B − 2I चा पहिला रो (5, 10, 4) आणि B − 5I चा पहिला कॉलम (2, −3, 2)ᵀ यांचा गुणाकार 10 − 30 + 8 = −12. शून्य नाही, म्हणून B चं मिनिमल पॉलिनॉमिअल (λ − 2)²(λ − 5) आणि ती डायगोनलायझेबल नाही. मिनिमल पॉलिनॉमिअल तुमच्या वर्गात झालं असेल तर सहाव्या ओळीच्या निष्कर्षाला हे कारणही चालतं. झालं नसेल तर रफ पानावर करून बघ आणि उत्तरात रँकचं कारण ठेव. P मात्र या रीतीनं हाती येत नाही. त्यासाठी व्हेक्टर काढावेच लागतात.